बचत, विमा आणि औषधपाणी : आयकरात किती सूट, कोणाला आणि कोठवर?

मार्च महिना जवळ आला की आपल्या जिल्ह्यातल्या बाजारपेठांत एक ठरलेली धावपळ दिसते. हिंगणघाट असो, पुलगाव असो की आर्वी, विमा एजंट दुकानाच्या पायऱ्या चढू लागतात आणि "शेठ, टॅक्स वाचवायचा असेल तर ३१ तारखेच्या आत एक पॉलिसी घ्या" असा आग्रह धरतात. दुकानदारही घाईघाईने सही करून मोकळा होतो. त्या पॉलिसीने खरोखर कर वाचला की नाही, वाचला तर किती, याचा हिशेब मात्र फार थोडे लोक करतात. कापडाचा थान घेताना आपण पना मोजतो, ताणून पाहतो, धुतल्यावर किती आटेल तेही विचारतो. कर वाचवण्याच्या नावाने खिशातून जाणाऱ्या पैशालाही तोच नियम लावावा, म्हणून हा लेख.

आयकराच्या हिशेबात आधी सर्व बाबींचे उत्पन्न एकत्र मांडले जाते. दुकानाचा नफा, घरभाडे, ठेवीवरचे व्याज वगैरे मिळून जी रक्कम येते तिला ढोबळ एकूण उत्पन्न म्हणतात. त्यातून काही ठराविक खर्च आणि गुंतवणुकी वजा करू देतात आणि जे उरते त्यावर कर बसतो. या वजावटींपैकी आपल्याशी रोजचा संबंध दोन कलमांचा आहे. बचत व आयुर्विम्यासाठी कलम ८०सी आणि आरोग्य विमा व औषधोपचारासाठी कलम ८०डी. ही कलमे १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि त्यात ८०सीचे काम कलम १२३ कडे, ८०डीचे काम कलम १२६ कडे गेले. पण २०२५-२६ पर्यंतच्या सालांचा हिशेब जुन्याच कलमांनी होतो आणि बाजारातही तीच नावे रुळलेली आहेत, म्हणून येथेही तीच वापरली आहेत.

दीड लाखाची पिशवी

कलम ८०सी ही दीड लाखाची एकच पिशवी आहे असे समजा. तिच्यात अनेक वस्तू टाकता येतात, पण पिशवी फुगत नाही. स्वतःच्या, पत्नीच्या किंवा मुलांच्या आयुर्विम्याचा हप्ता, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, मुलीच्या नावाचे सुकन्या समृद्धी खाते, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, पाच वर्षांची करबचत ठेव, करबचतीचे म्युच्युअल फंड, घरकर्जाच्या मुद्दलाची फेड आणि मुलांची शिकवणी फी, हे सर्व मिळून १,५०,००० रुपयांवर वजावट मिळत नाही. पैसा त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत, प्रत्यक्ष भरलेला असला पाहिजे.

आता या पिशवीला कोठे भोके आहेत ते पाहा. आयुर्विमा मुलांचा चालतो, मग मुलगा कमावता असो की मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली असो. आई-वडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता मात्र मुलाने भरला तरी ८०सीत धरला जात नाही. दुसरे असे की १ एप्रिल २०१२ नंतर काढलेल्या पॉलिसीत विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतचाच हप्ता मोजला जातो. तीन लाखांची पॉलिसी आणि वर्षाचा हप्ता ४२,००० असेल तर ३०,००० धरले जातील, उरलेले १२,००० वाया. मार्चमध्ये घाईत विकल्या जाणाऱ्या कमी मुदतीच्या, मोठ्या हप्त्याच्या पॉलिसीत नेमकी हीच गफलत होते. शिवाय साधी पॉलिसी दोन वर्षांचे हप्ते भरण्याआधीच बंद पडली, तर आधी घेतलेली वजावट त्या साली पुन्हा उत्पन्नात मिळवली जाते.

शाळेच्या फीबाबत आपले पुष्कळ बांधव अनभिज्ञ आहेत. भारतातल्या शाळा-महाविद्यालयात पूर्णवेळ शिकणाऱ्या दोन मुलांची शिकवणी फी या दीड लाखात मोजली जाते. देणगी, विकास निधी, बसभाडे आणि वह्या-पुस्तके मोजली जात नाहीत. म्हणून पावतीवर शिकवणी फी वेगळी दाखवून घ्यावी. तीन मुले असतील तर ज्यांची फी जास्त ती दोन धरावीत. व्याजाच्या कारणाने जे लोक पीपीएफ किंवा ठेवीत पैसा घालत नाहीत, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. नवी गुंतवणूक न करताही, जो खर्च घरात होतोच आहे, त्यातून या पिशवीचा काही भाग भरतो.

अम्मी-अब्बांचे औषध आणि रोखीचा व्यवहार

कलम ८०डीमध्ये दोन वेगळे कप्पे आहेत. पहिला कप्पा स्वतः, पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांचा. त्यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी २५,००० रुपये, आणि विमा उतरवलेल्यांत कोणी ६० वर्षे पूर्ण केलेला असेल तर ५०,०००. दुसरा कप्पा आई-वडिलांचा. तोही २५,०००, आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,०००. आई-वडील मुलावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही. सासू-सासरे, भाऊ-बहीण यांचा हप्ता मात्र यात बसत नाही. दोन्ही कप्पे पूर्ण भरले तरी एका माणसाला १,००,००० च्या वर वजावट नाही.

विमा म्हणजे विमा नियामकाच्या मान्यतेने व्यवसाय करणाऱ्या कंपनीचा विमा. आपल्या जिल्ह्याला आरोग्य विम्याची कल्पना नवी नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने कित्येक वर्षांपूर्वी खेड्यातल्या कुटुंबांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन त्यांच्या उपचाराची सोय केली होती, हे जुन्या लोकांना आठवत असेल. ती सोय मोलाची, पण करकायद्याच्या नजरेत रुग्णालयाच्या स्वतःच्या कार्डाची वर्गणी म्हणजे आरोग्य विम्याचा हप्ता नव्हे. तसेच शासनाच्या योजनेतून फुकट झालेला उपचार हा आपला खर्च नव्हे, म्हणून त्याची वजावट मागता येत नाही.

आता सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माहिती असलेली बाब. आपल्या घरांत सत्तरीतल्या वडिलांचा विमा बहुधा नसतो. या वयात मधुमेह आणि रक्तदाब असला की कंपनी हप्ता एवढा सांगते की माणूस गप्प बसतो. अशा घरांसाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे. आई किंवा वडील ज्येष्ठ नागरिक असतील आणि त्यांच्या आरोग्य विम्यासाठी काहीही रक्कम भरलेली नसेल, तर त्यांच्यावर केलेला वैद्यकीय खर्च त्याच ५०,००० च्या कप्प्यात वजा होतो. रुग्णालयात दाखल झालेच पाहिजे असे नाही. डॉक्टरची फी, तपासण्या, दर महिन्याच्या गोळ्या हे सर्व त्यात येते. स्वतः करदाता किंवा त्याची पत्नी साठीच्या पुढे आणि विम्याविना असेल, तर पहिल्या कप्प्यातही हाच नियम आहे.

पण अट एकच आणि ती कडक आहे. पैसे रोख दिलेले नसावेत. धनादेश, कार्ड, यूपीआय, बँकेतून वळते केलेले पैसे, काहीही चालेल. रोख दिलेला रुपया, पक्के बिल असले तरी, मोजला जात नाही. हीच अट आरोग्य विम्याच्या हप्त्यालाही आहे. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचा. ती रोखीने केली तरी चालते, पण घरातल्या सर्वांची मिळून ५,००० रुपयांपर्यंत, आणि तीही वरच्या मर्यादेच्या आतच, वेगळी नाही.

एका दुकानाचा हिशेब

नुसते नियम वाचून डोक्यात बसत नाहीत, म्हणून हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या गांधीबागेतून माल आणून हिंगणघाटला विकणारा एक कापड दुकानदार आहे असे समजा. वय ४६. आर्थिक वर्ष २०२४-२५ चा निव्वळ नफा ७,१८,०००, दुसरे उत्पन्न नाही. घरात पत्नी, तीन मुले, ७१ वर्षांचे वडील आणि ६६ वर्षांची आई.

आधी ८०सी. स्वतःची २०१५ साली काढलेली तीन लाखांची पॉलिसी, हप्ता ४२,०००. त्यातले ३०,००० धरले. वडिलांच्या आयुर्विम्याचे १२,००० भरले, ते सोडून दिले. तीन मुलांची शिकवणी फी २४,०००, २०,००० आणि १५,०००. पहिल्या दोघांचे ४४,००० धरले. पीपीएफमध्ये ६०,००० आणि सुकन्या खात्यात २०,०००. बेरीज १,५४,०००. पिशवी दीड लाखाची, म्हणून वजावट १,५०,०००.

आता ८०डी. स्वतःच्या कुटुंबाच्या मेडिक्लेमचा हप्ता २१,००० धनादेशाने. नवरा-बायकोच्या तपासणीचे ६,००० रोख. तपासणीचे जास्तीत जास्त ५,००० धरता आले असते, पण २५,००० च्या कप्प्यात जागा ४,००० चीच उरली होती. म्हणून पहिला कप्पा २५,००० वर बंद. आई-वडिलांचा विमा नाही. त्यांच्या औषधांचा व तपासण्यांचा वर्षाचा खर्च ६८,०००. त्यातले ४४,००० मुलाने स्वतःच्या खात्यातून यूपीआय व धनादेशाने दिले, २४,००० मेडिकल स्टोअरला रोख. म्हणून दुसऱ्या कप्प्यात ४४,०००.

एकूण वजावट २,१९,०००. नफा ७,१८,००० मधून ती वजा करून उरले ४,९९,०००. जुन्या करपद्धतीत एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असले तर कलम ८७ए खाली १२,५०० पर्यंतची करसूट मिळते. येथे कर १२,४५० येतो आणि तो पूर्ण माफ होतो. कर शून्य.

समजा या दुकानदाराने आई-वडिलांचे सर्व पैसे रोख दिले असते, तर ते ४४,००० गेले असते आणि उत्पन्न ५,४३,००० ठरले असते. पाच लाखांची रेघ ओलांडली की सूट सगळीच जाते. मग कर २१,१०० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून २१,९४४ रुपये. औषध तेच, दुकान तेच, बिलही तेच. फरक एवढाच की नोट मोजून दिली की मोबाईलवरून दिली.

पण आधी पद्धत ठरवा

येथवर जे सांगितले ते सर्व जुन्या करपद्धतीचे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०सी नाही, ८०डीही नाही. विवरणपत्र भरताना काहीच निवडले नाही, तर सांभाळून ठेवलेल्या सगळ्या पावत्यांचा उपयोग शून्य.

आपल्या दुकानदाराचे २०२४-२५ चे उत्पन्न नव्या पद्धतीत मोजले, तर ७,१८,००० वर कर २१,८०० निघतो. त्या साली सात लाखांपर्यंत कर माफ होता. सात लाखांच्या थोडे वर गेलेल्याला सात लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त कर लागू नये अशी सवलत असल्याने तो १८,००० वर येतो, आणि उपकर धरून १८,७२०. जुन्या पद्धतीत शून्य. म्हणजे त्या साली जुनी पद्धत फायद्याची ठरली.

पुढच्या साली चित्र पालटले. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ झाला. याच दुकानदाराचा तेवढाच नफा नव्या पद्धतीत दाखवला की कर शून्य. पॉलिसी नको, पावती नको, यूपीआयचा पुरावा नको. जुन्या पद्धतीतही कर शून्यच, पण एखादी पावती हुकली तर वीस हजारांचा फटका. तेव्हा ज्या भावाचा नफा बारा लाखांच्या आत आहे, त्याला २०२५-२६ च्या हिशेबात केवळ कर वाचवण्यासाठी पॉलिसी घेण्याचे काही कारण नाही. विमा विम्याच्या गरजेसाठी घ्यावा, ती गोष्ट वेगळी.

बारा लाखांच्या वर असलेल्यांनीही आकडा मांडून पाहावा. उत्पन्न १५ लाख असेल तर २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत उपकर सोडून कर १,०५,०००. जुन्या पद्धतीत साठीच्या आतल्या माणसाचा कर तेवढ्यावर आणायला ५,३७,५०० ची वजावट लागते. ८०सी आणि ८०डी दोन्ही काठोकाठ भरली तरी ती २,५०,००० च्या पुढे जात नाहीत. राहत्या घराच्या कर्जावरचे दोन लाखांचे व्याज धरले तरी तूट उरतेच. घरात अपंग व्यक्ती किंवा मोठे आजारपण असेल तर गोष्ट वेगळी. कर्करोग, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे, थॅलेसेमिया यांसारख्या ठराविक आजारांसाठी कलम ८०डीडीबीखाली ४०,००० आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १,००,००० पर्यंत वेगळी वजावट आहे. तिला तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि विम्यातून परत मिळालेली रक्कम तीतून वजा होते. एकच खर्च ८०डी आणि ८०डीडीबी दोन्हीकडे दाखवता येत नाही.

व्यापाऱ्याला उलटसुलट जाता येत नाही

येथे नोकरदार आणि व्यापारी यांत मोठा फरक आहे. पगारदार माणूस दर साली विवरणपत्रातच जुनी किंवा नवी पद्धत निवडू शकतो. धंद्याचे उत्पन्न असलेल्याला जुन्या पद्धतीत जाण्यासाठी २०२५-२६ पर्यंतच्या सालांत फॉर्म 10-IEA भरावा लागतो, आणि तोही विवरणपत्राच्या मूळ मुदतीच्या आत. मुदत उलटल्यावर उशिराचे विवरणपत्र भरता येते, पण जुनी पद्धत मिळत नाही. एकदा जुन्या पद्धतीत गेला की तीच पुढे चालू राहते. नव्या पद्धतीत परत यायचे तर पुन्हा तोच फॉर्म भरून पर्याय मागे घ्यावा लागतो. असे परत येणे एकदाच. त्यानंतर धंद्याचे उत्पन्न आहे तोवर जुन्या पद्धतीचा दरवाजा बंद.

आपल्या उदाहरणातल्या दुकानदाराने २०२४-२५ साठी हा फॉर्म भरला होता. २०२५-२६ साठी त्याने काही केले नाही तर तो जुन्याच पद्धतीत राहील. बारा लाखांच्या माफीचा लाभ हवा असेल तर मुदतीच्या आत पर्याय मागे घेतला पाहिजे, आणि घेताना पुढचा विचार करून घेतला पाहिजे. येत्या दोन-तीन वर्षांत घरकर्ज घ्यायचे आहे का, नफा कोठवर जाईल, हे आपल्या कर सल्लागारापुढे मांडावे. विवरणपत्र भरून देणारा माणूस घाईत असतो. हा प्रश्न आपण होऊन विचारल्याशिवाय तो निघत नाही.

दुकानाची वही आणि घराची पावती

आणखी एक चूक आपल्या वह्यांत वारंवार आढळते. मालकाच्या स्वतःच्या मेडिक्लेमचा किंवा आयुर्विम्याचा हप्ता दुकानाच्या खर्चात टाकला जातो. तो धंद्याचा खर्च नव्हे. दुकानाच्या खात्यातून भरला असेल तर तो मालकाच्या उचलीत लिहावा आणि वजावट त्याच्या वैयक्तिक हिशेबात मागावी. खर्चातही धरला आणि ८०डीतही मागितला, तर एकाच रकमेची दुहेरी वजावट होते. याउलट दुकानातल्या नोकरांचा आरोग्य विमा मालकाने उतरवला आणि हप्ता रोखीशिवाय भरला, तर तो धंद्याचा रीतसर खर्च आहे. तो नव्या पद्धतीतही चालतो, कारण तो नफा काढतानाच वजा होतो.

शेवटची गोष्ट खोट्या वजावटींची. "काही टक्के द्या, परतावा काढून देतो" असे सांगून न भरलेले हप्ते आणि न झालेले आजार विवरणपत्रात घालणारे लोक ठिकठिकाणी आहेत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात सुमारे १५० ठिकाणी अशा मध्यस्थांवर कारवाई केली आणि खात्याने ज्या राज्यांचा उल्लेख केला त्यांत महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या मागण्या मागे घेतल्या होत्या. २०२५ पासून विवरणपत्रात पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव असा तपशीलही विचारला जातो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर त्या कराच्या दोनशे टक्के दंड बसतो. मध्यस्थ आपले टक्के घेऊन मोकळा होतो, नोटीस मात्र दुकानाच्या पत्त्यावर येते.

म्हणून व्यापारी बंधूंनी एवढा क्रम ठेवावा. आधी वर्षाच्या नफ्याचा अंदाज काढावा. तो बारा लाखांच्या आत असेल तर नव्या पद्धतीत राहून वजावटींच्या मागे धावू नये. त्याच्या वर असेल, किंवा घरात मोठे आजारपण किंवा घरकर्ज असेल, तर दोन्ही पद्धतींचा हिशेब कागदावर मांडावा. जुनी पद्धत घ्यायची असेल तर अम्मी-अब्बांच्या औषधांचे पैसे एप्रिलपासूनच रोख देणे बंद करावे, कारण ३१ मार्चला पॉलिसी विकत मिळते, पण वर्षभर रोख दिलेल्या बिलाचे पैसे मागे जाऊन यूपीआयने देता येत नाहीत.